सीएजीआर काढताना या चुका टाळा: घट वाढ म्हणून दिसू नये

सीएजीआर म्हणजे चक्रवाढ पद्धतीने काढलेला वार्षिक वाढीचा दर. तो काढताना सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे एकूण टक्के काढून वर्षांनी भागणे. विक्री आठ लाखांवरून पाच वर्षांत सहा लाखांवर आली. एकूण घट 25 टक्के, म्हणून दरसाल 5 टक्के, असं सर्रास लिहिलं जातं. पण आठ लाखांतून दरसाल 5 टक्के कमी करत गेलात तर पाच वर्षांनी सुमारे 6.19 लाख उरतात, सहा नव्हे. खरा दर उणे 5.59 टक्के आहे. उत्तर असं उलटं चालवून शेवटचा आकडा येतो का, हे मी प्रत्येक वेळी बघतो.

वर्षं मोजताना रकाने मोजू नका. 31 मार्च 2019 ते 31 मार्च 2024 या काळात आकडे सहा असतात, वर्षं पाचच. आणि स्प्रेडशीटच्या सूत्रात शेवटचा आकडा भागिले सुरुवातीचा आकडा याला घात लावताना `^1/5` लिहू नका, `^(1/5)` लिहा. कंस विसरलात तर वरच्याच उदाहरणात उणे 85 टक्के येतात.

आता ज्या चुकीचा मला खरोखर त्रास होतो ती. एका कंपनीचा शाखानिहाय नफ्याचा तक्ता माझ्याकडे तपासायला आला होता. एका शाखेसमोर हिरव्या रंगात 14.87 टक्के. मूळ आकडे उघडले, तर सुरुवातीला 10 लाखांचा तोटा आणि पाच वर्षांनी 20 लाखांचा! उण्याला उण्याने भागलं की उत्तर अधिक येतं, म्हणून दुप्पट झालेला तोटा वाढीच्या रांगेत जाऊन बसला. तक्ता करणाऱ्याने दर शून्याखाली गेला तरच लाल रंग, असा नियम लावला होता. दर शून्याखाली गेलाच नाही, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही.

म्हणून घटीची खूण मी दरावरून कधीच लावत नाही, थेट दोन आकड्यांची तुलना करून लावतो. A2 मध्ये सुरुवातीचा आकडा, B2 मध्ये शेवटचा, C2 मध्ये वर्षं. पहिलं सूत्र दराच्या रकान्यात, दुसरं खुणेच्या:

```
=IF(OR(A2<=0,B2<0),"दर लागू नाही",(B2/A2)^(1/C2)-1)
=IF(B2<A2,"घट","")
```

त्या शाखेसमोर आता दर येत नाही, पण ‘घट’ येते. तोट्यातून नफ्यात आलेल्या शाखेलाही दर लावू नका. तिथे दोन्ही रकमा लिहाव्यात, वाचणाऱ्याला त्यातून जास्त कळतं.

सूत्राच्या जागी त्रुटीचा संदेश दिसू नये म्हणून `ABS` लावणारे नवशिके मला पटत नाहीत. उणे चिन्ह हीच तर तिथली माहिती, आणि `ABS` नेमकी तीच पुसतं. `IFERROR` लावून शून्य दाखवणं त्याहून वाईट, कारण वाचणारा त्याचा अर्थ ‘वाढही नाही, घटही नाही’ असा घेतो.