जुन्या गाडीच्या हप्त्यांची पावती : या चुका टाळा

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर माझे टायपिंगचे छोटे दुकान आहे. ओळखीतल्या माणसाला जुनी गाडी हप्त्यांनी विकून वर्षभराने भांडायला लागलेली मंडळी कागद घेऊन माझ्याकडे येतात. कागद हातात पडला की बहुतेक वेळा त्यात काय चुकले आहे ते मला आधीच ठाऊक असते. त्यावर हाताने लिहिलेले असते, "गाडीचे रु. 30,000 मिळाले", खाली एक सही, आणि बाकी काही नाही.

ही पावती खोटी नसते, पण ती अर्धीच असते. एकूण किंमत किती ठरली, आधी किती आले, आज कोणत्या मार्गाने किती आले आणि आता किती उरले, हे चार आकडे त्यात नसतील, तर पुढे हिशोब जुळवताना तीच रक्कम दोनदा मोजली जाण्याची वाट मोकळी राहते. गेल्या वर्षी कळव्याचे एक गृहस्थ आणि ऐरोलीचा त्यांचा खरेदीदार माझ्याकडे आले, तेव्हा नेमके हेच झाले होते. गाडी 2,40,000 रुपयांना ठरली होती. ताबा देताना 60,000 रुपये मिळाले होते आणि उरलेले 1,80,000 रुपये 30,000 च्या सहा हप्त्यांत द्यायचे होते. प्रत्येक हप्त्याला पावती झाली होती, पण सहाव्या हप्त्याचे फक्त 10,000 रुपये आले होते. म्हणून विक्रेते म्हणत होते की 20,000 येणे आहेत, आणि खरेदीदार म्हणत होता की एक पैसाही देणे लागत नाही.

दोघेही खरे बोलत होते, एवढेच की खरेदीदाराने दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकत्र केले होते. पावत्यांची बेरीज 2,20,000 होत होती आणि त्याखेरीज त्याच्या बँकेच्या खाते-उताऱ्यात विक्रेत्याच्या पत्नीच्या खात्यात यूपीआयने गेलेले 20,000 रुपये दिसत होते. ही रक्कम तिसऱ्या हप्त्याचाच भाग होती. त्या हप्त्यात 20,000 यूपीआयने आणि 10,000 रोख दिले होते, पण पावतीवर नुसते "मार्चचा हप्ता रु. 30,000" होते, ना दिनांक, ना मार्ग. विक्रेत्याकडे पावतीची प्रत नव्हती. शेवटी खरेदीदाराच्या त्याच उताऱ्यात त्याच दिवशी एटीएममधून काढलेले 10,000 सापडले, आणि त्या महिन्यात दुसरी कोणतीही मोठी रोख काढलेली नव्हती, म्हणून तो मानला. उरलेले 20,000 त्याने दोन भागांत दिले. पण तोवर विक्रेत्याने नाव बदलाच्या फॉर्मवर सही रोखून धरली होती, आणि एमएच 04 ची ती गाडी दोन महिने ऐरोलीत जुन्या मालकाच्याच नावावर फिरत राहिली.

तेव्हापासून मी पावतीचा मजकूर असा करून देतो. वरची वाहन क्रमांक आणि चासी क्रमांकाची ओळ भरून घ्यावी, मग पुढे :

"सदर वाहनाची ठरलेली एकूण किंमत रुपये 2,40,000. यापूर्वी मिळालेली रक्कम रुपये 1,20,000. आज, दिनांक 5 मार्च रोजी, हप्ता क्रमांक 3 पोटी रुपये 30,000 मिळाले, त्यापैकी 20,000 यूपीआयने (व्यवहार क्रमांकासह) आणि 10,000 रोख. उर्वरित येणे रुपये 90,000, हे खरेदीदारास मान्य आहे."

यात शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि घाईतले लोक नेमके तेच गाळतात. पावतीवर पैसे घेणाऱ्याची सही असते, म्हणून ती देणाऱ्याच्या उपयोगाची असते. पण उरलेली रक्कम मान्य असल्याची खरेदीदाराची सही विक्रेत्याच्या उपयोगाची असते. मुदत कायद्यानुसार येणे वसूल करण्याचा दावा साधारणपणे देय तारखेपासून तीन वर्षांत करावा लागतो, पण ही मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी येणे कबूल केले, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मोजली जातात. म्हणून मी दोघांच्या सह्या घेतो आणि दोन प्रती करतो. कार्बन लावला तरी चालतो, फक्त दोन्ही प्रतींवरच्या सह्या शाईने वेगवेगळ्या व्हाव्यात असा माझा हट्ट असतो. मोबाईलमध्ये पावतीचा फोटो काढून मूळ कागद टाकून देणाऱ्यांना मी दुकानात बसवून पुन्हा लिहायला लावतो.

पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचे महसूल तिकीट लागते, आणि सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर अशी करायची असते. चेक घेतला असेल तर "मिळाले" असे न लिहिता "चेक वटल्यास" हे शब्द घालावेत. यूपीआयचे पैसे विक्रेत्याच्याच खात्यात घ्यावेत. पत्नीचे किंवा भावाचे खाते सोयीचे वाटते, पण वरची गोष्ट तिथूनच सुरू झाली होती.

रोखीचे एक वेगळेच खूळ आहे. एकाच व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि "आम्ही तीस-तीस हजार घेतो, मग काय" असे म्हणून भागत नाही, कारण हप्ते निरनिराळे असले तरी गाडी एक आणि सौदाही एकच असतो. घेतलेल्या रोख रकमेइतकाच दंड पैसे घेणाऱ्यालाच बसतो. मोठा भाग बँकेतून घ्यावा, त्याने पुरावाही आपोआप तयार होतो.

माझी दुसरी खरी चिडचीड ताबा-पावतीबद्दल आहे. बाजारात मिळणाऱ्या छापील कागदात "संपूर्ण रक्कम मिळाली" हे वाक्य आधीच असते, आणि 60,000 रुपये हातात पडल्यावर भल्या मनाचे विक्रेते ते न वाचता सही करतात. पुढे हप्ता थांबला की समोरचा तोच कागद पुढे करतो. ते वाक्य खोडावे, खोडल्याच्या जागी दोघांनी आद्याक्षरे करावीत, आणि त्याऐवजी "रुपये 60,000 मिळाले, उर्वरित रुपये 1,80,000 येणे" असे लिहावे. ताब्याचा दिनांकच नव्हे, वेळही घालावी, कारण संध्याकाळी सहाच्या चलानाचा वाद तारखेने मिटत नाही.

शेवटचा हप्ता येईपर्यंत नाव बदलायचेच नाही, असे काही विक्रेते ठरवतात. त्यांची भीती मला समजते, पण मालकी गेल्यावर चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवण्याची जबाबदारी विक्रेत्याचीच असते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात नोंदणीत ज्याचे नाव आहे त्यालाच मालक मानले होते, आणि गाडी आधीच विकली होती हे सांगून त्याची सुटका झाली नव्हती. ज्याला उरलेल्या पैशांची हमी हवी असेल त्याने उरलेल्या रकमेचे पुढच्या तारखांचे चेक घ्यावेत आणि फॉर्म 29 व 30 वेळेत भरावेत. कोरे सही केलेले फॉर्म मात्र खरेदीदाराच्या हाती देऊ नयेत, आणि दिले असतील तर आजच परत मागून घ्यावेत.