केळी वेफर्सचा प्रत्येक घाणा सारखा यावा म्हणून: बॅच तपासणीचा तक्ता कसा करावा

रावेर-यावल पट्ट्यात घरोघरी केळी वेफर्स तळले जातात. कच्चा माल दारात असतो, तरी एका आठवड्याचे वेफर्स सोनेरी आणि पुढच्या आठवड्याचे तपकिरी, कडवट येतात. कृती तीच असते, पण केळी, तेल आणि हवा दरवेळी वेगळी असते. म्हणून तक्ता या तीन गोष्टींवर नजर ठेवणारा हवा. «रंग चांगला», «मीठ बरोबर» अशा नोंदी त्यात नकोत. प्रत्येक रकान्यात मोजलेला आकडा किंवा नमुन्याशी ताडून दिलेले हो-नाही एवढेच असावे.

आधी नमुना ठरवा

सगळ्यांना आवडलेल्या बॅचमधले मूठभर वेफर्स पारदर्शक पाकिटात सील करा. शेजारी किंचित जास्त तळलेले आणि किंचित कमी तळलेले वेफर्स वेगळ्या पाकिटांत ठेवा. आपला माल या दोन टोकांच्या मध्ये बसला पाहिजे. उजेडाने आणि दिवसांनी रंग उतरतो, तेव्हा पाकिटे अंधारात ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बदला.

केळी: सर्वांत महत्त्वाचा रकाना

वेफर्स काळपटतात ते बहुतेक वेळा केळी पिकायला लागल्यामुळे. पिकताना स्टार्चची साखर होते आणि ती गरम तेलात लगेच तपकिरी पडते. बाहेरून साल हिरवी असते, म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. सोलताना चीक भरपूर येतो का, साल गराला घट्ट चिकटलेली आहे का, ते पाहा. चीक कमी आला आणि साल सहज सुटली, तर त्या केळ्यात गोडी उतरायला लागली आहे.

एकाच घडातल्या वरच्या फण्या खालच्यांपेक्षा आधी भरतात. त्यामुळे वरच्या, मधल्या आणि खालच्या फणीतली एकेक चकती आधी तळून नमुन्याशी लावून पाहा. ज्या फणीची चकती तपकिरी पडेल, ती फणी वेफर्समधून बाजूला काढा. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, पण ती झाल्याशिवाय मुख्य घाणा टाकायचा नाही, असा नियम तक्त्यावरच लिहा.

जाडी आणि तेल

एक चकती पट्टीवर मोजता येत नाही. दहा चकत्या एकावर एक ठेवा. थर १५ ते १८ मिलिमीटर भरला, तर प्रत्येकीची जाडी दीड ते पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास आहे. थर यापेक्षा जाड आला, तर किसणीचे पाते तपासा. जाड आणि पातळ चकत्या एकाच घाण्यात पडल्या की पातळ करपतात आणि जाड मऊ राहतात.

तेलाचे तापमान थर्मामीटरने १७० ते १८० अंश सेल्सिअस ठेवा. त्याबरोबर एका घाण्यात किती ग्रॅम चकत्या टाकल्या तेही लिहा. घाईत जास्त टाकल्या की तापमान कोसळते आणि वेफर्स तेल पितात. तेल कितव्यांदा वापरात आहे याचा रकाना हवाच. ते गडद, चिकट झाले, वर फेस टिकू लागला किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरायला लागले, तर बदला. पुन्हापुन्हा तळल्याने तेल बिघडून त्यात पोलर घटक साठतात; अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे तळणाच्या तेलात असे एकूण पोलर घटक २५ टक्क्यांहून जास्त चालत नाहीत.

मीठ आणि पॅकिंग

तेल निथळल्यावर वजन करा आणि एक किलोला १५ ग्रॅम मीठ घ्या, किंवा तुमच्या गिऱ्हाइकाला रुचेल तो आकडा एकदाच ठरवा. वेफर्स गरम असतानाच मीठ भुरभुरा, ते चिकटते. पॅकिंग मात्र पूर्ण गार झाल्यावरच करा, नाहीतर पाकिटात वाफ धरते. पावसाळ्यात पसरलेले वेफर्स हवेतला ओलावा ओढतात. गार झाले की लगेच हवाबंद डब्यात भरा. दोन्ही वेळा, तळून काढल्याची आणि सील केल्याची, लिहून ठेवा.

बॅच क्रमांक आणि राखीव पाकिटे

एकाच लॉटची केळी, एकच तेल आणि एकाच बैठकीत तळलेला माल म्हणजे एक बॅच. क्रमांक सोपा ठेवा: १४ मेची दुसरी बॅच असेल तर १४०५-२. तोच पाकिटावर छापा. प्रत्येक बॅचची दोन पाकिटे विकू नका. एक १५ दिवसांनी आणि एक महिन्याने उघडून कुरकुरीतपणा आणि खवट वास तपासा.

समजा, १४०५-२ मधले वेफर्स तपकिरी असल्याची तक्रार आली. तक्ता काढला तर तेल १७५ अंश, थर १६ मिलिमीटर, तेलाचा दुसराच वापर. १४०५-१ मध्येही हेच आकडे आणि तिची राखीव पाकिटे सोनेरी. फरक एका रकान्यात दिसतो: फणीची चाचणी फक्त पहिल्या बॅचला केलेली होती. विचारल्यावर कळते की पहिली बॅच सकाळी उतरवलेल्या घडांची होती, दुसरीचे घड आदल्या दुपारपासून पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते. मेच्या उन्हात शेडमध्ये केळी झपाट्याने पिकतात. मग तेलाला हात न लावता तक्त्यात «घड उतरवल्याची वेळ» हा नवा रकाना घाला, आणि उन्हाळ्यात त्याच दिवशी तळायचे अशी मर्यादा त्यासमोर लिहा.