पीसीओएस आणि वजनांचा व्यायाम: इन्सुलिनसाठी करत असाल तर या चुका टाळा

जेवणानंतर इन्सुलिनच्या मदतीने रक्तातली साखर उचलण्याचं सर्वांत मोठं काम स्नायू करतात. स्नायू जोरात आकुंचन पावले की साखर आत घेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. पीसीओएसमध्ये इन्सुलिनचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नसताना हा दुसरा दरवाजा उपयोगी पडतो. पण त्यासाठी स्नायूला खरोखर काम पडलं पाहिजे, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

वजन फार हलकं

समजा, एक तिशीतली स्त्री तीन महिने ३ किलोच्या डंबेलने स्क्वॉट करते आहे, १५-१५ चे तीन सेट. घाम येतो, दम लागतो, पण कमरेचा घेर आणि रिपोर्ट जिथल्या तिथे. तिने शेवटचा सेट १५ वर न थांबवता पुढे मोजत नेला तर ती २५-३० पर्यंत सहज जाईल. म्हणजे मांडीच्या स्नायूतला बराच भाग कामाला लागलेलाच नाही.

योग्य वजन असं शोधा: ८ ते १२ रेप्सनंतर, ढब न बिघडता, अजून फार तर दोनच निघतील असं वाटलं पाहिजे. या स्त्रीला ते ८ किलोला सापडलं, असं धरू. डंबेल छातीशी धरून ८-८-८ ने सुरुवात. दर वेळी जमेल तिथे एखादी रेप वाढवत १२-१२-१२ झाले की १० किलो घ्यायचं आणि पुन्हा ८ वर यायचं. १० किलोची उडी मोठी वाटली तर ८ किलोच ठेवून खाली जाताना तीन सेकंद लावायचे. हे सगळं वहीत लिहा. वहीतले आकडे सहा आठवडे तेच असतील तर व्यायाम चालू आहे, प्रगती थांबली आहे.

जड वजनाने टेस्टोस्टेरॉन वाढेल, चेहऱ्यावरचे केस वाढतील, ही भीती अनेकींना हलक्या डंबेलवर अडकवून ठेवते. पीसीओएस असलेल्या स्त्रियांवरच्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही. काहींत तर टेस्टोस्टेरॉन कमी झालं.

दंडांवर भर, पायांना सुट्टी

बायसेप्स लहान स्नायू आहे. तो साखर उचलून उचलून किती उचलणार? मांड्या, नितंब आणि पाठ आधी. स्क्वॉट, वजन हातात धरून कमरेतून पुढे झुकण्याचा रोमानियन डेडलिफ्ट, वजन पोटाकडे ओढण्याचं रोईंग आणि छातीसाठी प्रेस किंवा पुश-अप, प्रत्येकी तीन सेट एवढं पुरतं. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं थांबा. वीस सेकंदांत पुढचा सेट घेतला की आधी दम संपतो, स्नायू नाही.

शनिवार-रविवारी सगळं

एका सत्राचा इन्सुलिनवरचा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. दोन्ही सत्रं लागोपाठ उरकली तर आठवड्याचे पुढचे दिवस कोरडे जातात. सोमवार-बुधवार-शुक्रवार उत्तम. दोनच दिवस जमत असतील तर सोमवार-गुरुवार करा आणि मधल्या दिवसांत भरभर चाला. पीसीओएससाठीची २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही आठवड्यात लागोपाठ नसलेले दोन दिवस स्नायूंच्या व्यायामासाठी सांगतात, पण १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाला जोडून. वजनं सुरू केली म्हणून चालणं सोडू नका.

पहिल्याच दिवशी अति

जिने उतरता येऊ नयेत इतके पाय दुखले म्हणजे व्यायाम चांगला झाला, असं नाही. दुखावलेला स्नायू एक-दोन दिवस उलट इन्सुलिनला कमी प्रतिसाद देतो. पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकाराचे दोनच सेट करा आणि तीन-चार रेप्स शिल्लक ठेवा.

रिपोर्ट चुकीच्या वेळी, निकाल चुकीच्या आकड्यावर

जड सत्रानंतर लगेच साखर मोजली तर अ‍ॅड्रेनलिनमुळे ती वाढलेलीही दिसू शकते, घाबरू नका. उपाशीपोटी साखर आणि इन्सुलिन तपासायचं असेल तर मागच्या वेळी आणि या वेळी शेवटच्या सत्रानंतरचं अंतर सारखं ठेवा, दोन-तीन दिवसांचं असलं तर उत्तम. नाहीतर तुलना कालच्या व्यायामाशी होते, तीन महिन्यांशी नाही. एचबीए१सी ही तपासणी गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, म्हणून ती तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात अर्थ नाही, आणि पाळीत खूप रक्तस्राव होऊन अ‍ॅनिमिया झाला असेल तर तो आकडा फसवा निघू शकतो. डॉक्टरांना तसं आधीच सांगा.

वजनकाट्यावरून निकाल लावू नका. स्नायू वाढून चरबी घटत असताना काटा हलतच नाही. कमरेचा घेर दर दोन आठवड्यांनी, सकाळी, एकाच जागी मोजा.

नुसत्या मेटफॉर्मिनवर व्यायामात साखर फार खाली जाणं क्वचितच घडतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर मात्र पहिल्या सत्राआधीच डॉक्टरांशी डोसबद्दल बोला.