दोन बाय दोन मॅट्रिक्सचा व्यस्त: निश्चयकाने नेमकं का भागायचं?

ही मॅट्रिक्स घ्या.

```
A = | ३   १ |
    | २   ४ |
```

आधी निश्चयक काढा: ad − bc, म्हणजे ३×४ − १×२ = १०. मग मुख्य कर्णावरच्या ३ आणि ४ यांची अदलाबदल करा आणि उरलेल्या दोन संख्यांची चिन्हं बदला.

```
B = |  ४  −१ |
    | −२   ३ |
```

B मधली प्रत्येक संख्या १० ने भागली की व्यस्त तयार.

हे शेवटचं भागणं मला फार दिवस छळत होतं. ‘सूत्रात आहे म्हणून भागा’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. त्याने उत्तर येतं, पण चूक झाली तर ती कळत नाही. त्याऐवजी आलेखकागद घ्या आणि A चे स्तंभ, म्हणजे (३, २) आणि (१, ४), आरंभबिंदूपासून निघणाऱ्या बाणांसारखे काढा. १ बाय १ चौरसाच्या दोन बाजू A मुळे या बाणांवर जाऊन बसतात आणि चौरसाचा समांतरभुज चौकोन होतो. त्याच्याभोवती ४ बाय ६ चा आयत बसतो, क्षेत्रफळ २४. आता कोपरे कापा: २ क्षेत्रफळाचे दोन छोटे आयत, ३ चे दोन त्रिकोण, २ चे दोन त्रिकोण, मिळून १४. उरले १०. तोच निश्चयक. कुठलाही आकार घ्या, A त्याचं क्षेत्रफळ दहापट करते.

मी इथे घाई केली. A दहापट करते, व्यस्ताने दहावा हिस्सा करायला हवा, म्हणून १० ने भागायचं, अशी मी समजूत करून घेतली. ती चुकीची आहे, तुम्ही त्यात अडकू नका. B चा निश्चयक काढून पाहा: ४×३ − (−१)×(−२), तोही १०! म्हणजे A नंतर B लावली तर क्षेत्रफळ शंभरपट होतं. A आणि B यांचा गुणाकार केला तर कर्णावर १०, १० आणि बाकी शून्य येतात. B ने प्रत्येक बाण मूळ दिशेला आणून ठेवलेला असतो, फक्त त्याची लांबी दहापट झालेली असते. आपण भागतो ते या लांबीसाठी. सगळ्या संख्या १० ने भागल्या की B चा निश्चयक १०० ने भागला जातो, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही आक्रसतात. १० भागिले १०० म्हणजे १/१०, व्यस्ताचा निश्चयक असायला हवा तेवढाच. उत्तर तपासताना हे आधी बघा. १० आला, तर भागायचं राहिलंय.

A चे स्तंभ उलट क्रमाने लिहिले तर निश्चयक −१० येतो. क्षेत्रफळ दहापटच होतं, आकार मात्र आरशातल्यासारखा उलटतो. भागताना ते उणे चिन्ह गाळू नका.

स्तंभ (२, ४) आणि (१, २) असतील तर निश्चयक शून्य. दोन्ही बाण एकाच रेषेवर येतात, चौरस चपटा होऊन रेषाखंड उरतो आणि अनेक बिंदू एकाच जागी जाऊन बसतात. त्यातला कुठला बिंदू कुठून आला हे सांगता येत नाही, म्हणून अशा मॅट्रिक्सला व्यस्त नसतो.