कामवाल्या ताईंसाठी वॉशिंग मशीनची चिठ्ठी लिहिताय? या चुका टाळा

कपडे टाका, थोडी पावडर टाका, नॉर्मलवर लावा, झालं की बंद करा. बहुतेक घरांत मशीनवर चिकटवलेली चिठ्ठी एवढीच असते. मग कपड्यांना वास येतो, मशीन जागची हलते, बाथरूमभर फेस होतो आणि बोलणी बसतात ताईंना. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याला कोणी काही विचारत नाही. ओळखीतल्या लोकांच्या अशा चिठ्ठ्या मी पुन्हा लिहून दिल्यात आणि चुका सगळीकडे त्याच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहितेय. मुख्यतः फ्रंट लोडबद्दल, कारण घोटाळे तिथेच जास्त होतात.

"थोडी", "दोन चमचे", "अंदाजाने"

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हे शब्द लिहिणाऱ्याला स्पष्ट वाटतात कारण त्याच्या डोक्यात माप असतं, वाचणाऱ्याच्या डोक्यात ते नसतं.

माझ्या मामेबहिणीकडे 7 किलोची फ्रंट लोड आहे. चिठ्ठीत "दोन चमचे पावडर" असं लिहिलेलं. पाकिटातला मापाचा चमचा कधीच हरवला होता, त्यामुळे ताई डब्यात असलेला मोठा खोलगट चमचा शिगोशीग भरून दोनदा टाकायच्या. काही दिवसांनी काळ्या कपड्यांवर पांढरे डाग दिसायला लागले, टॉवेल कडक व्हायला लागले. बहीण म्हणाली कपडे नीट निघत नाहीयेत, तर ताईंनी आपल्या परीने काळजी घेतली आणि पावडर अजून वाढवली. डाग अजून वाढले. मग मशीनचा वेळ लांबायला लागला, स्क्रीनवर 12 मिनिटं दिसायची आणि ती 12 मिनिटं संपायचीच नाहीत, आणि एक दिवस पावडरच्या ड्रॉवरमधून फेस बाहेर आला. सगळ्यांनी ठरवून टाकलं की मशीन बिघडली.

मशीन बिघडली नव्हती. आम्ही धुतलेले, वाळलेले चार टॉवेल घेतले, पावडर अजिबात टाकली नाही आणि मशीन लावली. थोड्याच वेळात काचेवर फेस दिसायला लागला. तो फेस आला कुठून, तर टॉवेलमध्ये आधीची पावडर साठून बसली होती तिथून. मग तो चमचा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला, दोन चमचे मिळून 130 ग्रॅम. पाकिटावर पूर्ण भरलेल्या ड्रमला 70 ग्रॅम लिहिलेलं, आणि रोजचा ड्रम असायचा अर्धाच.

फ्रंट लोडमध्ये पाणी कमी असतं, कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात, त्या आपटण्याने मळ निघतो. फेस जास्त झाला की कपडे फेसावर पडतात, आपटतच नाहीत, म्हणजे पावडर जास्त आणि धुणं कमी. शिवाय पंपाला पाणी ओढता येतं, फेस नीट ओढता येत नाही, म्हणून मशीन पुन्हा पुन्हा खळबळते आणि वेळ लांबतो. काही मशीन अशा वेळी स्क्रीनवर Sud किंवा Sd दाखवतात. ताईंना हे कोणी सांगितलेलंच नसतं, त्यामुळे डाग दिसला की पावडर वाढवायची हेच कोणालाही सुचणार.

मी काय करते ते सांगते. पाकिटावरचं माप ग्रॅममध्ये बघायचं, काट्यावर तेवढी पावडर तोलायची, एका पारदर्शक प्लास्टिकच्या कपात ओतायची आणि जिथपर्यंत आली तिथे बाहेरून पक्क्या मार्करने रेघ मारायची. ही लाल रेघ, पूर्ण ड्रमसाठी. अर्ध्या ड्रमसाठी दुसरी, निळी रेघ, अर्ध्यापेक्षा किंचित वर. चिठ्ठीत मग चमचा हा शब्दच येत नाही, फक्त "निळ्या रेघेपर्यंत". लिक्विड वापरत असाल तर त्याच्या झाकणावर आत रेघा असतात, त्यातली एक ठरवून बाहेरून मार्कर फिरवा, नाहीतर झाकण काठोकाठ भरलं जातं आणि ते जवळजवळ नेहमीच जास्त होतं. बहिणीकडे टॉवेल आणि चादरी पावडरशिवाय धुवत राहिलो, काचेवरचा फेस थांबेपर्यंत. त्यानंतर टॉवेल मऊ झाले.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. पाणी जड असेल तरी कपडे कडक होतात, आणि तिथे उलट पावडर जरा जास्तच लागते. फरक कसा ओळखायचा, तर हाच टॉवेलचा प्रयोग. पावडरशिवाय फेस आला तर पावडर जास्त होतेय, फेस आलाच नाही आणि तरी कडक, तर पाण्याकडे बघा.

"पावडर ड्रॉवरमध्ये टाका"

कुठल्या कप्प्यात? तीन असतात. बहुतेक मशीनमध्ये II लिहिलेला मुख्य धुण्याचा, I प्री-वॉशचा, फुलाचं चिन्ह असलेला सॉफ्टनरचा. I मध्ये टाकलेली पावडर साध्या प्रोग्रामला बहुधा तशीच पडून राहते. II च्या बाजूला रंगीत टेप लावा, संपला प्रश्न. सॉफ्टनर MAX रेघेच्या वर गेला तर तो धुणं सुरू होतानाच वाहून जातो.

"ड्रम भरा"

भरा म्हणजे दाबून भरा असाच अर्थ घेतला जातो. चिठ्ठीत लिहा: कपडे सुटे करून टाका, वरच्या बाजूला उभा हात आत जायला हवा. आणि 7 किलो हा आकडा कॉटनच्या प्रोग्रामचा असतो, सिंथेटिकला साधारण निम्मा, क्विक वॉशला त्याहूनही कमी, मॅन्युअलमध्ये तक्ता असतो. क्विक वॉशमध्ये घरभराचे कपडे कोंबून वेळ वाचवणाऱ्यांबद्दल मला खरंच राग आहे. अर्धवट धुतलेले कपडे पुन्हा लावावे लागतात, म्हणजे पाणी दुप्पट, वेळ दुप्पट, आणि ते दुसऱ्यांदा लावायचं काम ताईंच्या माथी.

बिघडलं तर काय करायचं, हे न लिहिणं

दुसरी मोठी चूक ही. सगळ्या चिठ्ठ्या असं धरून चालतात की मशीन नीटच चालणार. पण चिठ्ठीची खरी गरज नीट चालत नसते तेव्हाच असते, आणि तेव्हा घरात बहुधा दुसरं कोणी नसतं.

शेजारच्या घरी गादीचं वॉटरप्रूफ कव्हर धुवायला टाकलेलं. असं कव्हर पाणी आत धरून ठेवतं, स्पिनच्या वेगात ते पाणी एका बाजूला जमतं आणि ड्रम डगमगतो. मशीन धडधडत पुढे सरकायला लागली. ताईंनी काय केलं, तर दोन्ही हातांनी मशीन दाबून धरली, कारण महागाची वस्तू पडेल ही भीती. ओल्या फरशीवर, अनवाणी पायांनी. सुदैवाने काही झालं नाही. पण त्या चिठ्ठीत "धरू नका" हे दोन शब्द असते तर ही वेळच आली नसती. तेव्हापासून मी चिठ्ठीचा अर्धा भाग यालाच देते:

मशीन हलायला लागली तर धरायची नाही. पॉज दाबायचं, थांबायची वाट बघायची, दार उघडल्यावर कपडे सुटे करायचे. पुन्हा हलली तर बंद करून फोन करायचा. रेनकोट, वॉटरप्रूफ कव्हर मशीनमध्ये टाकायचंच नाही.

पाणी जमिनीवर आलं तर आधी पाय कोरडे आहेत का बघायचं. कोरड्या जागेतून बोर्डाचं बटण बंद करता आलं तर करायचं, मग नळ बंद. बोर्डापर्यंत ओलं असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही, प्लगला हात लावायचा नाही, मेन स्विच बंद करायचा. मेन स्विच कुठला हे ताईंना आधी दाखवून ठेवा आणि त्यावर स्टिकर लावा, नुसतं लिहून उपयोग नाही.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच हात काढायचा आणि त्या दिवशी मशीन वापरायची नाही. "थोडासा करंट लागतोच" असं म्हणणारे लोक मी ऐकलेत. लागत नाही. अर्थिंग किंवा आतली वायर खराब असते, इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मशीन लावायची नाही. आणि मशीन एक्स्टेंशन बोर्डावर चालवत असाल तर चिठ्ठी लिहिण्याआधी ते बदला.

दार उघडत नसेल तर ओढायचं नाही. धुणं संपल्यावर लॉक सुटायला एक-दोन मिनिटं लागतात. आत पाणी दिसत असेल तर फोन.

बाकीच्या, थोडक्यात

ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर एकत्र करायचं नाही, विषारी वायू होतो, हे ठळक लिहा. रॉकेल, पेट्रोल, थिनर सांडलेले कपडे मशीनमध्ये नाहीत, आग लागू शकते. लावण्याआधी ड्रममध्ये डोकावून बघायचं, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर नक्कीच. फिल्टर साफ करणं ताईंच्या चिठ्ठीत घालू नका, गरम पाणी अंगावर येऊ शकतं, ते घरच्यांनी करावं. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर स्पिनचा ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय हात आत नाही, आणि झाकण उघडल्यावर तो काही सेकंदांत थांबत नसेल तर ब्रेक दुरुस्त होईपर्यंत स्पिन बंद.

चिठ्ठी अशी दिसावी

1. हात आणि पाय कोरडे. ड्रममध्ये बघा.
2. खिसे रिकामे करा, चेन लावा.
3. कपडे सुटे टाका. वर हात जायला हवा.
4. पावडर निळ्या रेघेपर्यंत, टेप लावलेल्या कप्प्यात. ड्रम पूर्ण भरला असेल तर लाल रेघ.
5. दार बंद, नळ चालू, बटण चालू.
6. गोल बटण हिरव्या ठिपक्यावर. स्टार्ट.
7. संपल्यावर दोन मिनिटं थांबा, मग दार.
8. बटण बंद, नळ बंद, दार थोडं उघडं ठेवा (घरात लहान मूल असेल तर बंद).

त्याखाली लाल अक्षरात वरच्या चार "तर"च्या ओळी, दोन फोन नंबर, आणि "डाग राहिला तर पावडर वाढवू नका, मला सांगा".

"नॉर्मल" असं लिहू नका, बऱ्याच मशीनवर तो शब्दच नसतो. बटणाजवळ ठिपका चिकटवा. ताईंना वाचायला जमत नसेल तर फोटो काढून क्रमाने लावा, आणि जमतं की नाही हे चारचौघांत विचारू नका. चिठ्ठी लिहून झाली की एकदा ताईंना त्यावरून मशीन लावू द्या आणि तुम्ही बाजूला उभे राहा, मध्ये बोलू नका. जिथे त्या थांबून तुमच्याकडे बघतील ती ओळ चुकलेली आहे, ताई नाही. ती ओळ तिथल्या तिथे बदला.

आणि पावडरचा ब्रँड बदलला, किंवा पावडरऐवजी लिक्विड आणलं, की त्याच दिवशी कपावरच्या जुन्या रेघा पुसून नव्याने तोलून मारा.