सर्व्हेचं पान रिफ्रेश केल्यावर आकडा बदलतोय? डिफरन्शियल प्रायव्हसीतल्या या चुका टाळा

डिफरन्शियल प्रायव्हसी म्हणजे आकड्यात मुद्दाम थोडी यादृच्छिक गडबड, म्हणजे नॉइज, मिसळून एकेका माणसाचं उत्तर झाकणं. समजा, 500 जणांच्या सर्व्हेत एक नाजूक प्रश्न आहे: "तुम्ही नैराश्यावर औषध घेता का?" खरे 'हो' 132 आहेत. एखादा माणूस यादीत असला किंवा नसला, तर हा आकडा फार तर 1 ने बदलतो. म्हणून आपण एप्सिलॉन, म्हणजे माहिती जास्तीत जास्त किती गळू शकते याचं माप, 0.1 धरतो, लाप्लास वितरणातून 1/0.1, म्हणजे 10 स्केलचा नॉइज काढतो आणि तो 132 मध्ये मिसळतो. असा नॉइज साधारण 14 ने इकडेतिकडे होतो. त्यामुळे बाहेर 121 दिसेल, नाहीतर 140. नेमका कोण 'हो' म्हणाला, ते यावरून ओळखता येत नाही.

इथवर सगळं ठीक. मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक याच्या पुढची: पान उघडलं की दर वेळी नवा नॉइज काढला जातो. नॉइजची सरासरी शून्य असते, त्यामुळे कुणी स्क्रिप्ट लावून 2,500 उत्तरं गोळा केली आणि त्यांची सरासरी काढली, तर चूक 14 वरून 0.28 वर येते. पूर्णांकात बदललं की बहुतेक वेळा 132 च हाती लागतात. तेवढ्या वेळात 0.1 च्या 2,500 हप्त्यांत मिळून 250 एप्सिलॉन खर्च झालेला असतो, आणि इतक्या एप्सिलॉनला संरक्षण म्हणण्यात अर्थच उरत नाही.

ओळखायचं कसं? सर्व्हे बंद झाल्यावर पान पाच वेळा रिफ्रेश करा. आकडा हलला तर गळती चालू आहे. उपाय सरळ आहे: नॉइज एकदाच काढा, आलेलं उत्तर साठवा आणि पुन्हा तोच प्रश्न आला तर तेच द्या. त्याचा नवा खर्च पडत नाही. नवा प्रश्न मात्र बजेटमधून, म्हणजे एकूण किती एप्सिलॉन खर्चायचा त्या मर्यादेतून, वजा होतो. एकूण बजेट 1 ठरवलं असेल तर 0.1 चे दहा प्रश्न झाले की थांबायचं. त्याच डेटावर दर महिन्याला बजेट 'पुन्हा भरणं' म्हणजे मर्यादाच नसणं.

दुसरी चूक शांतपणे होते. प्रश्नात पाच पर्याय असून हवे तितके निवडता येत असतील, तर एकच माणूस पाचही आकडे 1 ने हलवू शकतो. प्रत्येक आकड्याला 10 स्केलचा नॉइज दिला आणि खर्च 0.1 लिहिला, तर वहीच खोटी ठरते, कारण खरा खर्च 0.5 आहे. 0.1 मध्येच बसवायचं असेल तर स्केल 50 घ्या, किंवा प्रत्येकाला एकच पर्याय निवडू द्या.

लहान गटात उत्तर उणे 6 आलं की काही जण ते पटेपर्यंत नॉइज पुन्हा काढतात. हे करू नका. कोणता आकडा 'पटतो' हे खरा आकडा पाहून ठरत असेल, तर त्या निवडीतूनच माहिती गळते. आलेल्या उत्तराचं शून्य करायला हरकत नाही. ते खऱ्या डेटाकडे परत न बघता करता येतं.