परचेसमध्ये नवीन लागलात? टोटल नंतर बघा, आधी पॉइंट बघा

जळगाव एमआयडीसीत परचेसला लागलेल्या पोराला इंडेंट म्हणजे मागणी, मग कोटेशन, मग पीओ म्हणजे ऑर्डर, आणि माल आल्यावर जीआरएन हा क्रम पहिल्या आठवड्यात कोणीही शिकवतं, त्यात मी पडत नाही. मी फक्त पॉइंटबद्दल लिहिणार, कारण त्या एका टिंबाने माझी झोप उडवली होती.

कंपनी ठिबकच्या नळ्या बनवणारी, मी ज्युनिअर क्लार्क. मे महिना म्हणजे मृगबागेच्या केळीआधीची मारामारी, सगळ्यांना ठिबक जूनच्या आत पाहिजे, त्यामुळे परचेसला श्वास घ्यायला वेळ नाही. सही होऊन सप्लायरला मेल गेलेला पीओ फाईलला लावायला माझ्याकडे आला. दोन लाईनी होत्या. नळीच्या प्लास्टिकचा एलएलडीपीई दाणा 40.000 टन, त्याखाली त्यात मिसळायचं ब्लॅक मास्टरबॅच 25.000 टन. मास्टरबॅचचा रेट किलोला 110 रुपये, रक्कम 27,50,000. कॅल्क्युलेटरवर मारलं, बरोबर आलं.

इथेच सगळे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गुणाकार सिस्टिमच करते, तो चुकणारच नाही, चूक असते ती आत टाकलेल्या आकड्यात. आपण टोटल जुळवून टिक मारतो म्हणजे सिस्टिमला गुणाकार येतो का एवढंच तपासतो. त्यात टनाला पॉइंटनंतर तीन शून्य छापून येतात, 40.000 च्या खाली 25.000 इतकं सरळ रांगेत दिसतं की डोळा अडकतच नाही. आणि पुढे कोणीतरी पकडेल असं समजू नका. मालाचं जीआरएन पीओशी जुळवतात, बिल या दोघांशी जुळवतात, पण पीओच चुकलेला असेल तर तिन्ही कागद एकमेकांशी छान जुळतात आणि पेमेंट निघून जातं.

मला खटकलं ते प्रमाणामुळे. आमच्या नळीत कार्बन ब्लॅक साधारण अडीच टक्के लागतो, तो नसला तर उन्हाने नळी तडकते, आणि आपल्याकडचं ऊन माहितीये ना. आम्ही घेत होतो त्या मास्टरबॅचमध्ये कार्बन चाळीस टक्के. म्हणजे 40 टन दाण्याला कार्बन 1 टन, त्यासाठी मास्टरबॅच अडीच टन, 25 किलोच्या शंभर बॅगा. पीओप्रमाणे हजार बॅगा येणार होत्या! आमच्या गोडाऊनमध्ये त्या ठेवायच्या कुठे? हा हिशोब मला साहेबांनी नाही शिकवला, स्टोअरच्या अण्णांनी शिकवला होता, जेवणाच्या सुट्टीत. माझं स्पष्ट मत आहे, गुरू करायचा तर स्टोअरवाल्याला करा, परचेसच्या साहेबाला माल कागदावरच दिसतो.

मग मूळ इंडेंट काढलं. अण्णांनी हाताने लिहिलेलं, 2.5, आणि तो पॉइंट नेमका फॉर्मच्या छापील रेघेवर बसलेला. टाईप करणाऱ्याने 25 वाचलं.

आता नवीन पोरं इथे काय करतात, तर गुपचूप सिस्टिममध्ये जाऊन आकडा बदलतात. मेलात तरी करू नका. सप्लायरकडे जुना कागद, तुमच्याकडे नवा, आणि लॉगमध्ये तुमचं नाव. मी इंडेंट आणि पीओ शेजारी ठेवून साहेबांना विचारलं, "साहेब, हे अडीच आहे का पंचवीस?" चूक कोणाची हे बोललोच नाही. साहेब आधी वैतागले, "सही झालीये ना भो, टोटल बघितली ना तू?" मी म्हटलं, अण्णांना एक फोन करा. फोन झाला, साहेबांचा चेहरा पडला.

घाबरू नका, यातून बाहेर पडायचा रस्ता सरळ आहे. आधी सप्लायरला फोन, मास्टरबॅचची लाईन होल्ड. मग त्याच पीओ नंबरला अमेंडमेंट 1, त्यात जुनी क्वांटिटी, नवी क्वांटिटी आणि कारण, परत सही, आणि सप्लायरकडून लेखी होकार. जीएसटी धरून ती लाईन 32,45,000 वरून 3,24,500 वर आली. सप्लायरचा माणूस फोनवर हसून म्हणाला, "आम्हाला वाटलं सीझनचा स्टॉक करताय." जास्तीची ऑर्डर आली म्हणून विचारायला कोणताच सप्लायर फोन करत नाही, कमी आली की लगेच करतो. माल गाडीत चढल्यावर हेच कळलं असतं तर परतीचं भाडं कोणाचं यावरूनच महिनाभर भांडण चाललं असतं.

आणि तो जुना पीओ कॉपी करून आकडे बदलायचा शॉर्टकट, मला तो अजिबात आवडत नाही, पण सगळे करतात, मीही करतो. करायचाच तर जुन्या पीओची क्वांटिटी आधी कोरी करा, नाहीतर जुनाच आकडा तसाच राहून जातो.

अण्णा आता इंडेंटवर किलोतच लिहितात, आणि शेजारी अक्षरी: दोन हजार पाचशे. साहेब मात्र अजूनही आधी टोटलच बघतात.